आपल्या सोसायटीचा होम-ब्रूइंग क्लब : पहिली बरणी कशी लावायची, कधी थांबवायची

नमस्कार मंडळी, या, बसा, मागच्या काका-काकूंनी जरा पुढं सरका कारण टेबलावरच्या बरण्या जवळून पाहायच्या आहेत. मी बी विंगमधली, बहुतेकांना माहीतच आहे. आजपासून आपला होम-ब्रूइंग क्लब सुरू होऊन राहिला, त्यात स्वागत. भाषण लहानच आहे पण ते संपेपर्यंत तुम्हाला पहिली बरणी घरी लावता आली पाहिजे असा माझा हिशोब आहे, म्हणून मोबाइलवर लिहून घ्यायचं असेल तर घ्या. चव घेणं शेवटी आहे, तोवर ग्लासांना हात लावू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट, कारण लिफ्टमध्ये तीन-चार जणांनी हळूच विचारलं. आपण इथं बियर, वाइन, मोहाची असलं काही करणार नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवणं गुन्हा आहे, मग ती विकायला असो की घरच्यापुरती. आपण करणार कोंबुचा, म्हणजे साखर घातलेला कोरा चहा आंबवून केलेलं आंबट-गोड, थोडं फसफसणारं पेय. तेही कोणी विकणार नाही, आपल्यातल्या आपल्यात प्यायचं आणि वाटायचं. आंबवताना यातही थोडंसं अल्कोहोल तयार होतंच, ते कमी कसं ठेवायचं हे पुढं नीट सांगते कारण आपल्या क्लबचे अर्धे नियम त्याच्यावरूनच ठरलेले आहेत.

आता ही बरणी बघा. वर जी पांढुरकी, जाड सायीसारखी चकती तरंगून राहिली तिला स्कोबी म्हणतात. यीस्ट आणि बॅक्टेरिया दोघं मिळून ती बनवतात. यीस्ट साखर खातं आणि त्यातून गॅस आणि थोडं अल्कोहोल सोडतं, बॅक्टेरिया हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, म्हणून पेय आंबट होतं. एवढं समजलं की बाकी सगळं समजतं, खरंच. उघड्या बरणीत, वर कापड बांधलेलं असताना, दोघांचं काम सोबत चालतं. झाकण घट्ट लावलं की बॅक्टेरियाला हवा मिळत नाही, यीस्टचं काम मात्र चालूच राहतं, मग गॅसही साठतो आणि अल्कोहोलही. नवीन माणसाला वाटतं चकती हीच सगळी जादू, पण खरं काम त्या चकतीखालच्या आंबट पाण्याचं असतं. ते म्हणजे आपलं विरजण. चकती नसली तरी चालेल, थोड्या दिवसांत नवीन तयार होते, पण विरजण कमी पडलं तर बरणी नासू शकते.

सामान काय लागतं ते सांगते. रुंद तोंडाची तीन लिटरची काचेची बरणी, लोणच्याची असते तशी, इतवारीत मिळून जाते. पण जिच्यात खरंच लोणचं होतं ती घेऊ नका, तेलाचा आणि हिंगाचा वास काचेतून गेला असं वाटतं तरी झाकणातून जात नाही. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको, आंबट पदार्थ धातूला खातो हे आपल्याकडं चिंचेच्या सारामुळं सगळ्यांना माहीतच आहे. रंगीत चिनी मातीची बरणीही नको, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. शिवाय विणीचा घट्ट सुती कपडा, रबर बँड, आणि जमलं तर आंबटपणा मोजायच्या पीएचच्या कागदी पट्ट्या, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. पट्ट्या स्वस्त असतात आणि पहिल्या दोन-तीन बरण्यांना त्यांचा फार आधार वाटतो.

आता दोन लिटरची बरणी लावू. पाऊण लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा आणि त्यात १० ग्रॅम चहापत्ती घाला, पत्ती बारीक सीटीसी असेल तर ७-८ ग्रॅम पुरे कारण ती फार कडक उतरते. झाकून पाच-सात मिनिटं ठेवा, गाळा, आणि गरम असतानाच १२० ग्रॅम साखर विरघळवा. साधी पांढरी साखर. गूळ, मध, शुगर-फ्री हे सगळं नंतर कधी, पहिल्या बरणीत नको. चहा पण साधा, वेलची-आलं-मसालावाला नको, मसाल्यातल्या तेलांनी चकती कमजोर होते. मग एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी त्यात ओता. उकळायचं कशासाठी, तर नळाला येणाऱ्या पेंचच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उकळल्यावर निघून जातं.

यानंतर थांबायचं आहे आणि घाई इथंच होते. भांड्याला बाहेरून हात लावला तर अजिबात गरम लागायला नको. गरम चहात विरजण ओतलं की त्यातले जीव मरतात, वरून काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी बरणी तशीच गोड राहते आणि मग बुरशी धरते. थंड झालं की बरणीत ओता आणि पाव लिटर विरजण घाला, म्हणजे मागच्या बरणीतलं आंबट पेय. चकती वरून सोडा. ती बुडाली, आडवी राहिली, उभी राहिली, काही फरक पडत नाही, नवीन साय वर धरेलच. आता पट्टी बुडवून पहा, पीएच ४.५ किंवा त्याच्या खाली यायला हवा. वर असेल तर अजून थोडं विरजण टाका. ही पायरी सोडू नका बरं, सुरुवातीलाच आंबटपणा असला तर नको ते जंतू वाढत नाहीत, सगळं संरक्षण त्याच्यातच आहे.

कापड बांधा. विरळ मलमल एकपदरी बांधली तर चिलटं आत जातात आणि त्यांची अळी चकतीवर दिसली की सगळं फेकावं लागतं, म्हणून दोन पदर घ्या किंवा जुना स्वच्छ रुमाल घ्या.

बरणी कुठं ठेवायची हा आपल्या नागपुरातला सगळ्यात मोठा प्रश्न. कोंबुचाला साधारण २४ ते २९ डिग्री आवडतं. आत्ता फेब्रुवारी संपत आला, घरात तेवढंच आहे, म्हणूनच क्लब आत्ता सुरू केला. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असतात, तेव्हा काम हळू चालतं, बारा-चौदा दिवसही लागतात, तेव्हा फ्रिजच्या मागच्या बाजूला जिथं थोडी ऊब असते तिथं ठेवा. मे महिन्यात बाहेर ४५ असतं, बंद घरात ३६-३७ सहज होतं, तेव्हा तीन-चार दिवसांतच तिखट आंबट होऊन जातं. मग घरातली सगळ्यात थंड जागा शोधा, बहुतेक घरात ती खालच्या कपाटाच्या आत किंवा देवघराच्या बाजूच्या भिंतीशी असते, आणि बरणी पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं गुंडाळा. पण हे फडकं बरणीच्या अंगाला, तोंडावरचं कापड कोरडंच पाहिजे. आणि कूलरच्या झोताजवळ बरणी कधीच ठेवायची नाही, थंड मिळतं म्हणून मोह होतो पण कूलरच्या गवतातून ओल आणि बुरशीचे कण दोन्ही येतात आणि ते नेमके कापडावर बसतात.

थांबवायचं कधी, याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते कोंबुचा बिघडतो तो लावताना कमी आणि थांबवताना जास्त. कागदावर सात ते दहा दिवस लिहिलेलं असतं आणि ते थंड देशाच्या स्वयंपाकघरासाठी बरोबरही असेल, आपल्याकडं कॅलेंडर पाहून चालत नाही, जिभेनं पाहायचं. चौथ्या दिवसापासून रोज एकदा स्वच्छ स्ट्रॉ चकतीच्या बाजूनं आत घाला, वरचं टोक बोटानं दाबा, तेवढंच बाहेर काढा आणि चमच्यात सोडून चाखा. तोंड लावून ओढू नका.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींची आत्ताची बरणी उदाहरण म्हणून घ्या, माप हेच, बरणी स्वयंपाकघरात, खोली दिवसा २८-२९ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी वरती काचेसारखी पातळ झिल्ली आणि चव निव्वळ गोड चहा. पाचव्या दिवशी झिल्ली पांढरी झाली, बाजूनं बुडबुडे, चव अजून गोड पण शेवटी जिभेच्या कडेला थोडी चुटूक. सातव्या दिवशी गोड आणि आंबट बरोबरीत आले, चहाचा तुरटपणा मागं गेला, पट्टीवर पीएच ३ च्या जवळ. त्यांनी तिथं थांबवलं. त्याच बरणीतला एक ग्लास त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला, तो दहाव्या दिवशी सरळ व्हिनेगरसारखा झाला, पिता येत नाही पण केस धुवायला किंवा पुढच्या बरणीच्या विरजणाला एकदम बेस्ट. पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवसाचं, तिन्ही आज टेबलावर आहेत. पीएच २.५ च्या खाली गेला तर नुसतं पिऊ नका, पोटात जळजळ होते आणि दातांनाही चांगलं नाही, विरजणासाठीच ठेवा.

थांबवायचं म्हणजे काय करायचं, तर हात स्वच्छ धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका, चकती ताटलीत काढा, तिच्यासोबत पाव लिटर पेय पुढच्या विरजणासाठी बाजूला काढा आणि बाकीचं गाळून बाटल्यांत भरून सरळ फ्रिजमध्ये. विरजण आधी काढायचं, मग वाटायचं. पाहुणे आले की लोक पूर्ण बरणी संपवतात आणि मग माझ्याकडं येतात.

आता संत्र्याचं. नागपुरात राहून संत्र्याचा कोंबुचा करणार नाही असं होऊच शकत नाही, आणि सध्या कळमन्यात मृग बहाराचा माल आहे, आंबिया बहारापेक्षा गोड. पण आपल्या संत्र्याची एक खोड आहे, रस काढून ठेवला की थोड्या तासांत कडवट होतो. फळात असताना तो कडूपणा नसतो, सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात, पाकळीच्या पडद्यात आणि बियांत एक बिनकडू पदार्थ असतो, तो रसातल्या आंबटपणात हळूहळू लिमोनिन बनतो आणि लिमोनिन कडू असतं. आता कोंबुचा तर आधीच आंबट, त्यात रस टाकून दोन दिवस ठेवला तर काय होईल ते तुम्हीच समजा. म्हणून मिक्सर बिलकुल नको, त्यात बिया फुटतात. संत्रं आडवं कापून हातानं हलकं पिळा, शेवटच्या थेंबापर्यंत दाबू नका, बिया आणि चोथा लगेच गाळा.

आणि माझा आग्रह असा की नवीन मंडळींनी रस बाटलीत घालूच नका, पिताना ग्लासात घाला. थंडगार कोंबुचा, वरून ताज्या संत्र्याचे तीन-चार चमचे रस, संपलं. कडूही होत नाही आणि बाटलीत साखरही वाढत नाही. सुगंध पाहिजे असेल तर बाटलीत सालीची बोटभर पातळ पट्टी टाका, फक्त केशरी भाग, आतलं पांढरं खरवडून.

ज्यांना फसफसणारंच पाहिजे त्यांच्यासाठी, कारण ते पण येणारच. अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन मोठे चमचे रस, त्याच्यावर नाही, वेगळी साखर अजिबात नाही, वर तीन बोटं जागा रिकामी. बाटली कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची घ्या, स्वच्छ धुतलेली. ती गॅसचा दाब सहन करण्यासाठीच बनलेली असते, आणि बाहेरून दाबून कळतं. झाकण लावताना बाटली पिचकते, गॅस भरला की दगडासारखी कडक होते. कडक झाली की त्याच क्षणी फ्रिजमध्ये, मग एक दिवस झाला असो की अर्धा. सध्याच्या हवेत एक दिवस पुरतो, एप्रिलपासून काही तासच. पाण्याची पातळ बाटली नको, सॉसच्या किंवा शोभेच्या चौकोनी काचेच्या बाटल्या तर नकोच नको. त्या फुटतात आणि काच पूर्ण स्वयंपाकघरात उडते, घरात लहान मुलं असतात आपल्या. उघडतानाही आधी पूर्ण थंड करा आणि सिंकवर हळूहळू झाकण सोडा.

इतका कमी रस का म्हणते, त्याचं दुसरं कारण अल्कोहोल. बंद बाटलीत यीस्ट एकटंच काम करतं हे मघाशी सांगितलं. २०१० मध्ये अमेरिकेत मोठ्या दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या शेल्फवरून काढल्या होत्या, कारण बाटलीत आंबत राहून अल्कोहोल ०.५ टक्क्याच्या वर जात असल्याचं दिसलं, आणि आपल्याकडच्या खाद्यसुरक्षेच्या नियमांतही तीच ०.५ ची रेषा आहे. घरी हे अचूक मोजता येत नाही. म्हणून क्लबचा नियम: बाटलीत साखर नाही, बाहेर एका दिवसापेक्षा जास्त नाही, फ्रिजमधली बाटली दोन आठवड्यांत संपवायची. आणि याच कारणानं लहान मुलं, गरोदर बाया, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजारानं कमी झाली आहे अशांना हे द्यायचं नाही, मग ते कितीही मागोत. शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारा, यात साखर उरतेच. आणि हे औषध आहे, अमुक बरं होतं, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, हे एक चांगलं पेय आहे.

बिघडलं कसं ओळखायचं ते पण आत्ताच पाहून घ्या, या चौथ्या बरणीत. चकतीखाली तपकिरी धागे लोंबून राहिले ना, ते यीस्ट, घाबरायचं नाही. तळाशी गाळ, तेही यीस्टच. चकतीवर भोकं, सुरकुत्या, पांढरे ओले ठिपके, हे सगळं चालतं. बुरशी वेगळी दिसते, ती कायम वरच्या कोरड्या बाजूला असते, लोकरीसारखी केसाळ, पांढरी, हिरवी, काळी, गोल गोल डाग. शंका आली तर बरणी उजेडात तिरपी करून बाजूनं पहा, ओलं चकाकतं ते ठीक, कोरडं आणि केसाळ ती बुरशी. दिसली तर चकती, पेय, सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वाचवायचं नाही, बरणी उकळत्या पाण्यानं धुवायची आणि दुसऱ्याकडून विरजण आणून नव्यानं लावायचं. वासही सांगतो, आंबट, थोडा सफरचंदासारखा वास बरोबर, सडका किंवा ओलसर कपड्यासारखा वास आला तर फेका.

आता टिप्सची देवाणघेवाण कशी करायची. "मस्त झाली", "नाही जमली" एवढ्यानं कोणाला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक बरणीला चिकटपट्टी लावा आणि त्यावर लिहा: लावल्याची तारीख, कोणता चहा, साखर किती, बरणी कुठं ठेवली, थांबवली कधी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाटली आणाल ती पट्टीसकट आणा. एकाच बिल्डिंगमध्ये पश्चिमेच्या स्वयंपाकघरात आणि तळमजल्याच्या घरात दोन-तीन दिवसांचा फरक पडतो, तो फरक नीट लिहिला तर मे महिन्यात कोणाच्या घरी बरण्या ठेवायच्या हे आपल्याला आपोआप कळेल. तळमजल्यावरच्या काकूंनी कपाटाचा एक खण देऊ केलाच आहे. ज्यांना कांजी, आंबील, आल्याचा सोडा असलं काही येतं त्यांनीही सांगा, विशेषतः आज्यांनी, तुमच्या हाताला आंबण्याचा अंदाज आहे तो आम्हाला पाहिजे.

विरजण न्यायला आज सहा डबे तयार आहेत, प्रत्येकात पाव लिटर आणि एक चकती. काचेचेच आहेत, पुढच्या महिन्यात डबा परत आणा आणि त्यात तुमच्या बरणीचं विरजण भरून आणा, म्हणजे पुढच्या सहा जणांना मिळेल. घरी गेल्यावर लगेच बरणी लावता येत नसेल तर डबा फ्रिजमध्ये नको, बाहेरच सावलीत ठेवा, झाकण सैल करून, आठवडाभर काही होत नाही.

चला, आता चव. डावीकडून उजवीकडं जायचं, पाचवा दिवस, सातवा, मग दहावा, आणि सगळ्यात शेवटी संत्र्याचा. उलटं गेलात तर आंबटानं जीभ सुन्न होते आणि पाचव्या दिवसाचं निव्वळ सरबत वाटतं. मध्ये मुरमुरे खा, पाण्याचा घोट घ्या. पहिल्यांदा पिणाऱ्यांनी एकूण अर्ध्या कपाच्या वर जाऊ नका, पोटाला सवय नसते. सातव्या आणि दहाव्याच्या मध्ये तुम्हाला कुठं थांबावंसं वाटतं ते या वहीत नावापुढं लिहा, आणि वहिनी, तुमच्या खोलीचं टेम्परेचर तुम्ही कशानं पाहिलं ते आधी सांगा, त्या प्रश्नावर मागं केव्हाची चर्चा चालली आहे.